आधी हिशेब, मग किल्ली

हॉस्पिटलच्या तळघरात धुतलेल्या चादरी जिथे येऊन पडतात त्या खोलीला खिडकी नाही. अक्काने त्या खोलीत उभा जन्म काढला. वरच्या मजल्यांवर माणसं यायची, बरी व्हायची किंवा व्हायची नाहीत, आणि खाली अक्का चादरींच्या चौकोनी घड्या घालत राहायची. फाटकी चादर तिच्या हातून कधी वॉर्डात गेली नाही. "मरणाऱ्यालासुद्धा धड अंथरूण पाहिजे," असं ती म्हणायची, आणि नव्याने लागलेल्या मुली तोंड फिरवून हसायच्या.

ती तीन भावंडांत थोरली. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणजे त्या वेळी आई अंथरुणाला खिळली होती, पुढे वडील थकले, आणि मग कोणी विचारेनासंच झालं. मधली बहीण लग्न होऊन दूरच्या गावी गेली. धाकटा भाऊ पन्नाशीला टेकला तरी घरात त्याला बाळच म्हणत. बाळचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानापाशीच भाड्याचं बिऱ्हाड. वडिलांच्या घरात राहिली ती एकटी अक्का. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागे छोटं अंगण आणि पुढे तीन पायऱ्या.

वरच्या खोल्या वडिलांनी म्हातारपणी कर्ज काढून बांधल्या होत्या. "बाळ येईल राहायला, मधली येईल चार दिवस विसाव्याला," म्हणून. बाळ आला नाही. वडील मात्र गेले, आणि घर बँकेकडे तारण ठेवून घेतलेलं ते कर्ज मागे राहिलं.

तेराव्यालाच तिघं खालच्या खोलीत बसली होती. बँकेचं पत्र अक्काच्या मांडीवर होतं. हप्ते थकले तर घर लिलावात जाईल, असं त्यात अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

"मग काय करायचं?" अक्काने विचारलं.

"तू भर ना सध्या," बाळ म्हणाला. "माझा माल अडकलाय अक्का, नाहीतर मीच भरला असता. मग बघू आपण. तुझे पैसे कुठे पळून चाललेत?"

मधली पदराशी चाळा करत होती. "माझं काय, अक्का. माझ्या हातात पैसा असतो का कधी? घर तूच सांभाळतेस, तूच राहा इथे."

एवढ्या दोन वाक्यांवर सगळा कारभार ठरला. ना कागद, ना सही. घर तिघांचं, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेलं कोणी लिहून ठेवतं का?

अक्का हप्ते भरू लागली. घराचा कर आला, तोही तिनेच भरला. पावती वडिलांच्याच नावाने फाटायची, कारण नाव बदलायला तिघांच्या सह्या लागत आणि बाळला कधी सवड नसायची. काउंटरवरचा माणूस म्हणायचा, "बाई, पावती ज्याची त्याची, पण भरणाऱ्याचं नाव मागे लिहून घ्या." ती लिहून घ्यायची. एका वर्षी छप्पर गळायला लागलं. वरच्या खोलीतलं पाणी भिंतीतून खाली झिरपलं आणि भिंतीला पोक आलं. गवंडी म्हणाला, "आज नाही केलंत तर पुढच्या पावसात भिंत अंगावर घ्याल." तिने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले. छप्पर झालं, भिंत झाली. हाताशी गवंडी आहेच तर न्हाणीघरात नवी फरशीही घालून घेऊ, असं तिला वाटलं. तीही झाली.

प्रत्येक वेळी ती बाळला फोन करायची. "हो हो अक्का, तू कर. मी आहे ना." मधलीला करायची, तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने बोलत असायचं आणि मधली म्हणायची, "नंतर करते हं," आणि करायची नाही.

पुढे दाराला वाळवी लागली. सुताराने नवं दार बसवलं, नव्या दाराला नवं कुलूप. तीन किल्ल्यांचा जुडगा त्याने हातात दिला. एक अक्काची, बाकीच्या दोन भावंडांच्या, हा हिशेब तिने मनाशी तेव्हाच केला होता, खोटं कशाला बोला. पण ती मुद्दाम पोचवायला गेली नाही. येतील तेव्हा देऊ, म्हणून खिळ्याला अडकवल्या. ती येईनात. वर्ष गेलं. खिळ्यावरच्या त्या दोन किल्ल्यांकडे बघताना अक्काच्या मनात हळूहळू दुसरंच काही शिजायला लागलं. हप्ता भरून आलं की नजर तिकडे जायची. यांना किल्ली पाहिजे, पैसे नको. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विचार तिच्या मनातून हलायचा नाही, आणि देवाला तिने तो कधी सांगितला नाही.

शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी बँकेने घराचे मूळ कागद परत दिले. अक्का ते छातीशी धरून घरी आली. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. तिचं गणित साधं होतं. आपण जे भरलं त्याचे दोन हिस्से भावंडांकडून यायचे. रोख नाही दिले तर बाळच्या हिश्शातून वळते होतील, वर उरलेला निधी घालून बाळचा हिस्सा विकत घेऊ. मधली तर म्हणालीच आहे, तूच राहा इथे. तिचं सावकाश देऊ. मरेपर्यंत या घरातून उठायची वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिने आयुष्यात मागितलं नव्हतं.

तिने बाळला घरी बोलावलं. तो आला नाही, फोनवरच बोलला.

"सगळं देतो अक्का. तू सांगशील ते."

"अरे, आकडा तरी ऐक."

"आकडा कशाला ऐकू? तू काय खोटं बोलणार आहेस? पावत्यांचे फोटो तेवढे पाठव. आणि कर्ज पूर्ण फिटलं ना? बँकेचं काही राहिलं नाही ना?"

"एक पैसा नाही."

"शाब्बास गं माझी अक्का!" बाळ म्हणाला, आणि मोकळं हसला. ज्याने आयुष्यात भाजीवाल्याशी घासाघीस सोडली नाही तो लाखांच्या गोष्टीला एका दमात हो म्हणत होता. तिने फोन ठेवला. घरात कोणी नव्हतं, तरी मागून कोणीतरी बघतंय असं तिला वाटत राहिलं.

महिना गेला. पैसे आले नाहीत. मधली फोन उचलेना. शेवटी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी तिला आपल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे धाडलं.

वकीलबाई तरुण होत्या आणि बोलताना सारख्या पेनाचं टोपण काढायच्या, लावायच्या. त्यांनी पावत्या चाळल्या.

"हप्ते तुमचे पक्के. घर तारण होतं, तुम्ही सोडवलंत, तेव्हा दोघांच्या वाट्याचं मागू शकता. कर तसाच. छप्पर आणि भिंत गरजेची दुरुस्ती, तीही धरू. न्हाणीघराची फरशी मात्र विसरा."

"का? तीही घरातच आहे की."

"घरातच आहे, पण तिच्यावाचून घर पडणार नव्हतं. ती तुमची हौस. त्यांना विचारलं होतंत?"

"हौस!" अक्का म्हणाली. "पाय घसरून पडले असते म्हणजे गरज झाली असती का?"

वकीलबाई हसल्या. "कोर्टात हे असंच बोलू नका म्हणजे झालं. आता ऐका. नुसते पैसे मागायचा दावा केला तर जुन्या वर्षांच्या रकमा मुदतीबाहेर गेल्या म्हणून ते ओरडतील. त्यापेक्षा वाटणीचाच दावा करू. वाटणीत सगळा हिशेब एकत्र मांडता येतो, आणि तुमचे पैसे त्यांच्या हिश्शांतून वळते करून मागता येतात." मग त्यांनी टोपण लावलं. "एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही एकट्याच राहताय. ते म्हणतील, आमच्या हिश्शाचं भाडं द्या."

अक्काचा चेहरा उतरला.

"घाबरू नका. राहिलात म्हणून भाडं लागत नाही, त्यांनाही यायला दार उघडं होतं. अडवलं असेल तर मात्र लागतं. तुम्ही कधी कोणाला अडवलंय?"

"छे! आलंच नाही कोणी, अडवणार कोणाला?"

"छान. कोणी आलं तर येऊ द्या. चहा द्या, पाणी द्या, वरची खोली उघडून द्या. भांडायचं ते कागदावर भांडू."

अक्काने मान डोलावली. त्यांची नोटीस दोघांच्या पत्त्यावर गेली.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, बाळ आला. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता, पंखे विकणारा, गोल चेहऱ्याचा माणूस. कामाशिवाय तो कुठे जात नसे. अक्काने त्याला याआधी फक्त लग्नकार्यात पाहिलं होतं.

"नोटीस मिळाली हं अक्का," बाळ पायरीवरूनच म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चांगली भाषा आहे तुझ्या वकिलीणबाईंची. 'माझे अशील' काय, 'आपणांस कळविण्यात येते' काय. मी तुझा आपणांस कधी झालो गं?"

"जेव्हा मी तुझी बँक झाले तेव्हा," अक्का म्हणाली.

मेहुणा फसकन हसला आणि बाळकडे बघून गप्प झाला.

"बरं, ते जाऊ दे. वरची खोली बघायला आलोय. राहायला यायचा विचार आहे आमचा. माझी जुनी किल्ली लागत नाही. एक किल्ली दे."

हे इतकं सहज होतं, इतकं साधं. अक्काने आत वळून खिळ्याकडे पाहिलं. दोन्ही किल्ल्या तिथेच होत्या. इतक्या वर्षांत हा राहायला आला नाही. बँक लिलाव करणार होती तेव्हा आला नाही, भिंत पडत होती तेव्हा आला नाही. आता घर सुटलं, छप्पर धड झालं, तर याला खोली बघायची आहे. कानशिलं तापली.

"किल्ली मिळणार नाही."

"का गं?"

"आधी हिशेब, मग किल्ली. माझे पैसे आण आणि मग घरात पाऊल टाक."

 बाळ मान वळवून मेहुण्याला म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं," मेहुणा म्हणाला.

"तुझ्या तोंडाने सांग अक्का, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी आलो, किल्ली मागितली, तू नाही म्हणालीस. असंच ना?"

"असंच!"

"बरं." तो पायऱ्या उतरला. खाली जाऊन त्याने दाराकडे, छपराकडे, वरच्या खिडक्यांकडे शांतपणे बघून घेतलं, गिऱ्हाईक बघतं तसं. "तब्येतीला जप," म्हणाला, आणि दोघं निघून गेले. गल्लीतलं कुत्रं त्यांच्यावर भुंकलंसुद्धा नाही.

वकीलबाईंचं बोलणं अक्काला आठवलं ते दार लावून झाल्यावर.  किल्ल्या घेऊन ती रस्त्यापर्यंत धावली, पण बाळची गाडी वळून गेली होती. फोन केला तर बंद. वकीलबाईंना हे सांगायचा तिला धीर झाला नाही. त्या आठवड्यात तिने कपडेखोलीत पहिल्यांदाच फाटकी चादर घडी करून वर पाठवली, आणि ती परत आली तेव्हा मुली हसल्या नाहीत.

वकीलबाईंनी वाटणीचा दावा दाखल केला आणि त्याला भावंडांचं उत्तर आलं. वकीलबाईंनी ते तिला समोर बसवून वाचून दाखवलं. बाळने तिची एकही रक्कम नाकारली नव्हती. हप्ते कबूल, कर कबूल, छप्पर कबूल. न्हाणीघराची फरशी सोडून सगळं कबूल.

"म्हणजे चांगलंच झालं की," अक्का पुटपुटली.

"थांबा. पुढे आहे." वकीलबाईंनी टोपण काढलं नव्हतं. "ते म्हणतात, कुलूप बदलल्या दिवसापासून तुम्ही दोघांना घराबाहेर ठेवलंत. म्हणून तेव्हापासून आजपर्यंत घराच्या भाड्याचे दोन हिस्से त्यांचे. ते तुमच्या रकमेतून वजा करा. तसं झालं तर तुमच्या हातात काही राहत नाही. तुम्ही मला सांगितलंत कोणी आलं नव्हतं."

"बाळ आला, नोटिशीनंतर. तेव्हा मी... तेव्हा माझी जीभ घसरली. पण त्याआधी देवाशपथ कोणी आलं नाही!"

"इथे बहिणीचं म्हणणं जोडलंय. दार बदललं त्याच वर्षी त्या आल्या होत्या. बॅग घेऊन."

अक्काने तो कागद ओढून घेतला आणि स्वतः वाचला.

"कुलूप बदललं एवढ्याने अडवणूक होत नाही, ते मी पटवीन," वकीलबाई म्हणाल्या. "दाराला वाळवी लागली होती, सुताराचं बिल आहे. भावाला तोंडावर नाही म्हणालात, ते मात्र पुसता येणार नाही. म्हणून आजच दोघांना किल्ल्या द्या. पोच घ्या. आजपासून मोजणं थांबेल."

खिळ्यावरच्या दोन्ही किल्ल्या त्याच दिवशी गेल्या. बाळने पोच सही करून दिली, तारीख टाकायला विसरला नाही. मधलीची पोच टपालाने आली. सही इतकी बारीक होती की कोणाची म्हणून ओळखूही येईना.

किल्ली मिळाल्यावर बाळ राहायला आला नाही. एकदाही नाही. अक्का कामावरून आली की आधी वरच्या खिडक्यांकडे बघायची. रोज वाटायचं, आज दिवा असेल. दिवा नसायचा. घर होतं तसंच होतं, पण आता त्याचं दार तिघांकडून उघडत होतं. कधी कोण आत उभं असेल याचा नेम नाही, या धसक्यात ती बाहेरून आल्यावर प्रत्येक खोलीत आधी डोकावू लागली.

कोर्टाने त्यांना मध्यस्थाकडे पाठवलं. मध्यस्थ म्हणजे निवृत्त न्यायाधीश, मोठ्या चष्म्याचे, ऐकून घेणारे. खोलीत गोल टेबल होतं, पाण्याचे ग्लास होते आणि भिंतीवर घड्याळ नव्हतं. मधली आधीच येऊन बसली होती. अक्काने तिला कितीतरी वर्षांनी पाहिलं. केस पांढरे झाले होते. बसली होती ती बॅग पोटाशी धरून, स्टँडवर बसावं तशी.

पहिल्यांदा बाळचं झालं. मध्यस्थांनी त्याला विचारलं, "तुम्ही स्वतः किल्ली मागायला कधी गेलात?"

"नोटिशीनंतर."

"त्याआधी?"

"कामं असतात साहेब."

"मग तुमच्यापुरतं भाडं त्या दिवसापासून किल्ली मिळाली त्या दिवसापर्यंत. काही आठवड्यांचं. त्यापलीकडे मिळेल असं मला वाटत नाही. आणि बहिणीचे पैसे तर तुम्ही कबूलच केलेत."

बाळने खांदे उडवले. अक्काला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. त्याने मधलीकडे पाहिलं, आणि अक्काच्या ध्यानात आलं, हा हरत नाहीये. हा कशाची तरी वाट बघतोय.

"तुम्ही सांगा ताई," मध्यस्थ मधलीला म्हणाले. "तुम्ही घरी आला होतात?"

मधली टेबलाकडे बघून बोलू लागली. "घरी फार झालं होतं तेव्हा. काय झालं ते सांगत नाही मी. बॅग भरली आणि निघाले. म्हटलं वडिलांनी माझ्यासाठी खोली बांधलीय. किल्ली होती माझ्याकडे, आईने दिलेली. ती लागेना. मला वाटलं हात थरथरतायत म्हणून लागत नाही. मग दिसलं, दारच नवीन आहे."

"अगं मी ड्यूटीवर होते!" अक्का ओरडली. "हॉस्पिटलला फोन का नाही केलास? शेजारी का नाही बसलीस?"

"पायरीवर बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण हवंय? मी कोण म्हणून सांगणार होते, अक्का? मालकीण? मला वाटलं, हिने कुलूप बदललं आणि मला सांगितलं नाही, म्हणजे मी यायला नको आहे. मग परत गेले. तिथेच. कुठे गेली होतीस म्हणून पुन्हा झालं."

 किल्ली खिळ्याला होती गं, तुझी किल्ली तिथेच खिळ्याला होती, असं अक्काला म्हणायचं होतं. इतकी वर्षं ती येईल तेव्हा देऊ म्हणत राहिली. एक टपालाचं पाकीट पुरलं असतं.

"मग मला का नाही सांगितलंस?" शेवटी ती म्हणाली. "भांडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास."

"बाळला सांगितलं होतं. तो म्हणाला, आत्ता गप्प बस. कर्ज फिटेपर्यंत थांब."

अक्काने बाळकडे पाहिलं. बाळ ग्लासातलं पाणी पीत होता.

"चुकीचं काय म्हणालो?" तो म्हणाला. "तेव्हा बोललो असतो तर तू हप्ते थांबवले असतेस. घर बँकेने नेलं असतं. सगळ्यांचंच नुकसान. आता घर मोकळं आहे, गिऱ्हाईक चांगलं आहे. तुझी पै अन् पै तुला मिळेल अक्का. मी कधी नाही म्हणालो?"

तो खोटं बोलत नव्हता. हेच भयंकर होतं. पैसे देत नाही असं तो पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही म्हणाला नव्हता. नुसता बसून राहिला होता, आणि ती भरत राहिली होती.

मध्यस्थांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुम्हाला भाडं हवंय का? तुमचं ऐकल्यावर तुमच्यापुरता विचार वेगळा होऊ शकतो."

"मला भाडं नको," मधली म्हणाली. "तिने जे भरलं त्यातला माझा वाटाही द्या तिला. तिने घर राखलं, मी काही नाही म्हणत नाही."

अक्काचे डोळे भरून आले. तिने टेबलावरून हात पुढे केला. मधलीने तो धरला नाही.

"पण घर विका. माझा तिसरा हिस्सा मला रोख पाहिजे, आता, माझ्या नावावर. सावकाश नको. त्यातून मी एक खोली घेणार आहे, लहानशी. मला पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, अक्का. तुझ्याही नाही."

वकीलबाईंनी अक्काच्या कोपराला हळूच हात लावला आणि तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. दोघांचे हिस्से, घराची ठरलेली किंमत, अक्काचा निधी, वळते होणारे पैसे, सगळं त्यांनी भराभर मांडलं. बाळचा हिस्सा घेता आला असता, जेमतेम. दोघांचे नाही. चार खोल्यांच्या घराचे धड तीन तुकडे होत नाहीत, तेव्हा एक जरी विका म्हणून अडून बसला तर शेवटी कोर्ट विकायलाच सांगेल, वर्षं गेल्यावर आणि फिया गेल्यावर.

"बहीण थांबली तरच जमेल," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांना विनंती करून बघायची का? मी बोलू?"

अक्काने काचेतून आत पाहिलं. बाळ कोणाला तरी फोन लावत होता. मधली बॅग पोटाशी धरून तशीच बसली होती, कोणीतरी उठवेल म्हणून.

"नको," अक्का म्हणाली. "तिला थांब म्हणायचं तोंड नाही मला."

तिने सही केली. छप्पर, भिंत, कर, हप्ते, सगळ्याचे दोन हिस्से विक्रीच्या पैशातून आधी तिच्या हातात पडतील, बाळचे काही आठवडे वजा जाता, आणि उरलेल्याचे तीन समान भाग, असं लिहिलं गेलं. फरशी कोणी धरली नाही. मध्यस्थ म्हणाले, इतका स्वच्छ हिशेब भावंडांत क्वचित जमतो. बाळने त्यांचा हात हातात घेतला. मधली "येते" म्हणून गेली, आणि कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

निवृत्तीनंतरचा पहिला आठवडा. अक्का सकाळची स्वयंपाकघरात होती. बाहेर कोणी हाक मारली नाही की दार वाजवलं नाही. पुढच्या दारात किल्ली फिरली आणि दार उघडलं. आत एक अनोळखी माणूस आला, हातात मोजणीचा टेप, कानावर पेन्सिल.

"घाबरू नका मावशी, साहेबांनी किल्ली दिलीय," तो म्हणाला. "घेणाऱ्यांनी आतून मोजून घ्यायला सांगितलंय. तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं."

तो भिंतीपाशी गेला, टेपचं टोक ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्यापुढे धरलं.

"जरा हे टोक भिंतीला लावून धरता का? एकट्याने नीट होत नाही."

अक्काने ओले हात पदराला पुसले. ज्या भिंतीला पोक आलं होतं आणि जी तिने सरळ करून घेतली होती, त्या भिंतीशी ती गेली, टोक टेकवलं आणि धरून राहिली. माणूस टेप उलगडत मागे मागे गेला, उंबरठ्यापर्यंत.

"घट्ट धरा हं," तो तिकडून म्हणाला. "सुटायला नको."

"धरलंय," अक्का म्हणाली.